श्रद्धेवर कायद्याचा अंकुश असावा का?

‘धर्म खरा की विज्ञान?’ या विषयावर वाद रंगतो, पण हाती काही लागत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना नेमका विषय द्यावा: महाराष्ट्राचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा धर्मस्वातंत्र्याला बाधक आहे का?

बाधक म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की कलम 25 धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते, हे पोलिसांनी ठरवू नये. धाकाने माणसाचे मन बदलत नाही, ते काम प्रबोधनाचे आहे.

विरोधी बाजू त्याच कलमावर बोट ठेवते. हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. शिवाय कायद्याने वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही.

कस लागतो तो सर्पदंशाच्या उदाहरणात. रुग्णाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा आहे. विषारी दंशावर प्रतिविष लागते, हे विज्ञान सांगते. पण उपचार घेताना घरच्यांनी प्रार्थना केली, तर त्यावर बंदी नाही. परीक्षकांनी गुण द्यावेत ते श्रद्धा आणि अडवणूक यांतला हा फरक दोन्ही बाजू किती नेमका मांडतात, यावर.