मुलांच्या पोटात जंत किती? शाळेत तपासणी करायची तर अशी करा

अहिल्यानगर : दरवर्षी 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी (अल्बेंडाझोल) देतात. पण आपल्या तालुक्यात जंत आहेत तरी किती, हे शौचाचा नमुना तपासल्याशिवाय कळत नाही. अशी छोटी पाहणी कशी आखायची, ते पाहू.

तपासणी कधी?

गोळी दिल्यावर लगेच तपासलं तर जंत कमीच दिसणार. पाथर्डीसारख्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं पटावर असतात, वर्गात नसतात. म्हणून जुलै महिना बरा. फेब्रुवारीच्या गोळीला पाच महिने झालेले असतात, ऑगस्टची अजून बाकी असते.

मुलं किती?

समजा, 100 पैकी 20 मुलांना जंत असतील असा अंदाज आहे आणि 5 चा फरक चालेल. मग हिशोब असा : 4 × 20 × 80 ÷ (5 × 5) = 256. पण एका शाळेतली मुलं एकाच गावचं पाणी पितात, एकाच मातीत खेळतात. त्यामुळे आकडा दीडपट धरू, म्हणजे 384. दहातली एक डबी परत येत नाही असं धरलं, तर साधारण 430 मुलं लागतील. दहा शाळा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्येक शाळेच्या पटावरून 43 मुलं, तीही चिठ्ठीनेच. गुरुजींनी पुढच्या बाकावरची हुशार मुलं दिली, तर आकडा खोटा ठरतो.

परवानगी कोणाची?

मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. आयसीएमआरच्या 2017 च्या नियमांनुसार पालकांची लेखी संमती लागते. शिवाय 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. पाहणी सुरू होण्याआधी नैतिक समितीची मंजुरीही हवी. वाचता न येणाऱ्या आईला कागद वाचून दाखवा. ‘नाही’ म्हटलं तरी पोराची गोळी बंद होणार नाही, हे स्पष्ट सांगा.

नमुना कसा घ्यायचा?

आदल्या दिवशी झाकणाची डबी, काडी आणि कागद द्या. सकाळी कागदावर शौच करून सुपारीएवढा नमुना काडीने डबीत घ्यायचा, मग साबणाने हात धुवायचे. लघवी, पाणी किंवा माती मिसळता कामा नये. मातीतल्या साध्या अळ्या मिसळल्या तर तपासणीत घोटाळा होतो. डब्या त्याच दिवशी थंड पेटीतून प्रयोगशाळेत न्या. काचेवर लेप केल्यावर आकडेकृमीची अंडी अर्ध्या-एक तासात दिसेनाशी होतात, म्हणून काच लगेच पाहावी लागते. मूल बरंच लाजतं, त्यामुळे डबी पिशवीतून आणू द्या.

निकाल कोणाला?

डबीवर नाव नको, फक्त क्रमांक. निकाल बंद पाकिटात पालकांना द्यायचा, वर्गात वाचायचा नाही. ज्याच्या नमुन्यात जंत सापडले त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत उपचार मिळतील, ही सोय डब्या वाटण्याआधीच ठरलेली हवी. एकाच नमुन्यात थोडे जंत सुटू शकतात. म्हणून मिळालेला आकडा ‘कमीत कमी एवढे’ असाच वाचावा.