‘बाबाको’ कसोटी का चालत नाही?

बाबाबा, बाकोबा, कोबाको या कसोट्या शाळेत पाठ होतात. मग दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन दिला, तर काय बिघडतं? कंपास घेऊन पाहा.

अ बिंदूपाशी ३० अंशांचा कोन काढा. त्याच्या एका भुजेवर ८ सेंमीवर ब घ्या. आता ब केंद्र धरून ५ सेंमी त्रिज्येचा कंस मारा. तो दुसऱ्या भुजेला दोनदा छेदतो: अ पासून साधारण ३.९ आणि ९.९ सेंमीवर. दोन्ही छेदनबिंदूंपासून त्रिकोण होतात. ८, ५ आणि ३० अंश ही मापं दोन्हींत तीच, पण एक त्रिकोण आखूड, दुसरा ऐसपैस. एकरूपता संपलीच!

त्रिज्या ८ किंवा अधिक घेतली, तर मात्र भुजेवर एकच त्रिकोण बनतो. ८ च्या पुढे कंसाचा दुसरा छेद अ च्या मागे, भुजेबाहेर जातो. म्हणजे कोनासमोरची बाजू दुसऱ्या दिलेल्या बाजूहून लहान नसेल, तर बाबाको खुशाल वापरा. काटकोनासमोर कर्ण असतो आणि तो सर्वांत मोठाच. म्हणूनच पुस्तकातली कर्णभुजा कसोटी बिनधोक चालते.