विरोधी मताची नोंद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संचालक मंडळाच्या बैठकीत सात जणांपैकी सहा जण ठरावाच्या बाजूने असतात, एक जण विरोधात. काही दिवसांनी इतिवृत्ताचा मसुदा येतो : ‘सविस्तर चर्चेअंती ठराव मंजूर करण्यात आला.’ विरोध करणारा त्यात कुठेच नसतो. यामागे दर वेळी कुणाचा कावा असतो असे नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या मनात काही गैरसमज पक्के बसलेले असतात.

गैरसमज : बहुमताने निर्णय झाला की तो मंडळाचा. विरोधकाचे नाव कशाला?

नाव लागतेच. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ नुसार प्रत्येक ठरावाला विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकांची नावे इतिवृत्तात असलीच पाहिजेत. म्हणजे तटस्थ राहिलेल्याचेही नाव येते. या नोंदीवर त्या संचालकाचे बरेच काही अवलंबून असते. पुढे त्या निर्णयात कायद्याचा भंग निघाला, तर बैठकीत हजर राहून आक्षेप न घेतलेला संचालकही जबाबदार धरला जाऊ शकतो. त्याने आक्षेप घेतला होता, हे दाखवायला मुख्य पुरावा इतिवृत्ताचाच.

शिवाय काही ठरावांना बहुमत पुरतच नाही. कलम १८६ खाली दुसऱ्या कंपनीला कर्ज किंवा हमी द्यायची असेल, तर हजर असलेल्या सर्व संचालकांची संमती लागते. तिथे एक नकार गाळला, की नामंजूर ठराव कागदावर मंजूर होऊन बसतो.

गैरसमज : न्याय्य नोंद म्हणजे शब्दशः नोंद.

कायदा मागतो तो कामकाजाचा न्याय्य आणि अचूक सारांश. एखाद्या संचालकाने आपले म्हणणे शब्दशः नोंदवण्याचा आग्रह धरला, तरी सचिवीय मानकांनुसार त्याबाबत अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो. खरी कसोटी असते ती थोडक्यात लिहिताना.

समजा, कंपनी गोदामासाठी १२ कोटींची जमीन घेणार आहे, त्यातले ८ कोटी कर्जाचे. श्री. क विरोध करतात. मसुद्यात येते : ‘श्री. क यांनी शंका उपस्थित केली. मात्र कंपनीचे व्यापक हित लक्षात घेऊन ठराव बहुमताने मंजूर झाला.’ शंका कोणती, ते कळत नाही. आणि ‘व्यापक हित’ हे शब्द श्री. क यांना हिताविरुद्ध उभे करतात. तेच असे लिहिता येते :

‘श्री. क यांनी ठरावाला विरोध केला. जमिनीचे एकच मूल्यांकन झाले आहे आणि सर्वांत मोठ्या ग्राहकाचा करार मार्चमध्ये संपतो, अशी कारणे त्यांनी दिली. दोन वर्षे गोदाम भाड्याने घ्यावे, असे त्यांनी सुचवले. इतर संचालकांचे मत असे की परिसरातील भाडे वाढत असून कराराच्या नूतनीकरणाची बोलणी सुरू झाली आहेत. ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला.’

यात दोन्ही बाजूंना कारणे मिळाली, श्री. क यांचा पर्यायही आला. क्रियापदांतही भेद नाही : एकाने ‘हट्ट धरला’ आणि बाकीच्यांनी ‘स्पष्ट केले’, असे झालेले नाही. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूल्यांकनाच्या मुद्द्याला बैठकीत कुणी उत्तर दिले नाही, म्हणून नोंदीतही ते नाही. मसुदा करताना बहुमताच्या बाजूने नंतर सुचलेले उत्तर तिथे चिकटवण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे, कारण श्री. क यांना त्या उत्तराला प्रत्युत्तर द्यायची संधीच मिळालेली नसते.

गैरसमज : मसुदा आल्यावर विरोधी संचालक हवे ते घालू शकतो.

बैठकीत न बोललेले नंतर घालायचे नाही, हा नियम त्यालाही लागू आहे. मसुदा बैठकीनंतर १५ दिवसांत सर्व संचालकांकडे जातो, त्यावर अभिप्राय द्यायला ७ दिवस असतात आणि ३० दिवसांच्या आत इतिवृत्त वहीत नोंदले जाते. आपले म्हणणे चुकीचे किंवा अर्धवट आले असेल, तर या मुदतीत तसे लेखी कळवावे. बैठकीत न मांडलेला मुद्दा मात्र त्या बैठकीच्या इतिवृत्तात येत नाही; तो पुढच्या बैठकीत मांडावा लागतो. होकार दिलेल्यालाही नंतर त्याचा नकार करता येत नाही.

गैरसमज : हे सगळे मोठ्या कंपन्यांपुरते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७३ मध्ये समितीच्या निर्णयांची जबाबदारी सर्व सदस्यांवर मिळून टाकलेली आहे. ठरावाशी असहमत असलेल्या सदस्याचे विरोधी मत इतिवृत्तात नोंदले गेले, तर त्या निर्णयासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. त्याला हवे असल्यास सात दिवसांच्या आत निबंधकांकडेही ते लेखी पाठवता येते. तेव्हा गृहनिर्माण संस्थेच्या किंवा पतसंस्थेच्या समितीवर तुम्ही नकार दिला असेल, तर सही करण्याआधी प्रोसिडिंग बुकात आपले नाव आणि कारण वाचून घ्या.