दर रविवारी तोच आवाज यावा म्हणून

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी ओळखलं जातं. तिथल्या एका ताईंनी दर रविवारी हळदी-कुंकवावर चार मिनिटांचा व्हिडिओ टाकायचं ठरवलं, असं समजू. लिहिणं, बोलणं, कॅमेरा लावणं सगळं त्यांच्याकडेच. पहिल्या आठवड्यात त्या म्हणतात, “हे बघा, हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते. वरून रंग नाही घातलेला.” दीड महिन्यानंतर तीच गोष्ट अशी येते: “हळदीवर चुन्याच्या निवळीची प्रक्रिया केल्यास तिचा रंग लाल होतो.” आणि पुढच्या महिन्यात: “हॅलो गाईज, आज आपण बघणार आहोत हळदीची जादू, शेवटपर्यंत नक्की बघा!”

माहिती तिन्हीकडे बरोबर आहे, बोलणारी माणसं मात्र तीन वाटतात. दुसरं वाक्य वाचलेल्या पुस्तकातून आलं, तिसरं आदल्या रात्री पाहिलेल्या दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओतून. आवाज असाच नकळत सरकतो. तो धरून ठेवायला एक छोटी वही करता येते. जाहिरातीच्या धंद्यात तिला ब्रँड व्हॉइस गाइड म्हणतात. ब्रँड व्हॉइस म्हणजे चेहरा किंवा नाव न दिसताही नुसत्या वाक्यांवरून ओळखू यावी अशी बोलण्याची ठेवण.

वहीची सुरुवात विशेषणांनी करू नये. बहुतेकांचं पहिलं पान “आपुलकीचा, साधा, विश्वासू” अशा शब्दांनी भरतं आणि तिथेच काम अडतं. वरची तिन्ही वाक्यं आपुलकीची आहेत असं कुणीही म्हणू शकेल. लिहिताना ज्याच्यावर बोट ठेवता येईल, तेवढंच वहीत जावं.

म्हणून आधी कच्चा माल गोळा करावा. आपल्याला स्वतःला आवडलेले चार-पाच व्हिडिओ निवडावेत. सोबत घरच्यांना किंवा मैत्रिणीला पाठवलेले दोन-तीन व्हॉइस मेसेज घ्यावेत, कारण कॅमेरा नसताना आपण खरे कसे बोलतो ते त्यात सापडतं. हे सगळं ऐकत जसंच्या तसं कागदावर उतरवावं. “म्हणजे बघा” दोनदा आलं तर दोनदा लिहावं. इथे हात आपोआप शुद्ध मराठीकडे वळतो, “घातलेलं”चं “घातलेले” होतं. तसं झालं की कागदावर आपला आवाज उरत नाही.

मग रंगीत पेन घेऊन खुणा कराव्यात. पहिली खूण प्रेक्षकाला केलेल्या हाकेवर. मराठीत हा निर्णय सगळ्यात वजनदार आहे, कारण तो प्रत्येक क्रियापदात दिसतो. “तू घे”, “तुम्ही घ्या”, “आपण घ्या” आणि “आपण घेऊ” ही चार वेगळी नाती आहेत. शेवटच्या दोनांत “आपण” एकच दिसत असला तरी एकात समोरच्याला मान आहे आणि दुसऱ्यात बोलणारा स्वतःही सामील आहे. एकाच स्क्रिप्टमध्ये दोन्ही आले, तर निवळी कुणी ओतायची तेच ऐकणाऱ्याला कळत नाही. ताईंच्या खुणांत असं दिसेल की कृती सांगताना त्या “तुम्ही” म्हणतात आणि घरातल्या रीतीभाती सांगताना “आपल्याकडे”. वहीत एवढंच लिहावं: कृतीला तुम्ही, रीतीला आपल्याकडे, “आपण घ्या” कुठेही नाही.

दुसरी खूण क्रियापदांच्या शेवटावर. “केलं, ठेवलं” की “केले, ठेवले”, “करायचं” की “करावे”? बोलून दाखवायच्या स्क्रिप्टला बहुधा पहिलं शोभतं, पण निवडलेलं ते सगळीकडे हवं. “केल्यास”, “असल्याने”, “द्वारे” हे शब्द दिसले की वाक्य कागदावरून आलंय असं समजावं. ताई तिथे “केलं की”, “आहे म्हणून”, “नं” म्हणतात.

तिसरी खूण धंद्याच्या शब्दांवर. हळकुंड, निवळी, चाळण हे शब्द ताई रोज वापरतात, पण कॅमेऱ्यासमोर त्यातल्या एखाद्याचं “रॉ मटेरियल” होतं. असे दहा-बारा शब्द ठरवून घ्यावेत आणि शहरातल्या प्रेक्षकासाठी प्रत्येकाचा अर्थ एका वाक्यात लिहून ठेवावा. निवळी म्हणजे चुना पाण्यात कालवून खाली बसल्यावर वर राहिलेलं स्वच्छ पाणी. शब्द पुन्हा आला की अर्थही त्याच वाक्यात सांगायचा. गावच्या बोलीचंही इथेच ठरवावं. “लई” रोज तोंडात असेल तर ठेवावं. नसेल तर गावरान वाटावं म्हणून घालू नये, ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता वहीतलं सगळ्यात उपयोगी पान: जोड्या. डावीकडे बिघडलेलं वाक्य, उजवीकडे आपलं. “आजच्या भागात आपण जाणून घेणार आहोत” याच्या समोर “आज कुंकवाचा रंग बघू”. “हे उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आहे” याच्या समोर “यात काय काय घातलंय ते सांगते”. ही दुसरी जोडी नुसत्या भाषेची नाही. बाजारात पिठात रंग मिसळून केलेलं कुंकूही मिळतं, त्यामुळे ताईंनी जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याची हमी त्यांच्या तोंडी येऊ नये. जोड्या आठ-दहा पुरतात. मात्र बिघडलेली वाक्यं आपल्याच जुन्या स्क्रिप्टमधून घ्यावीत, कारण त्याच सवयी परत येतात.

ठेवण एक असली तरी सूर बदलतो. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचा व्हिडिओ आणि कुंकवाने कपाळाला खाज का येते हा व्हिडिओ एकाच उत्साहात करता येत नाही. ठेवण कायमची, सूर प्रसंगाचा, आणि हा फरक वहीत उदाहरणानेच दाखवावा. खाजेच्या व्हिडिओत “तुम्ही” तेच, “केलं की” तेच. पण विनोद नाही, वाक्यं आखूड, आणि “दोन दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा” हे सरळ.

सगळ्यात जास्त घसरण पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओत होते. कंपनी तयार मजकूर पाठवते आणि तो तसाच वाचला जातो. मजकुरातली माहिती घ्यावी, वाक्यं आपली करावीत आणि बदललेली स्क्रिप्ट कंपनीकडून आधीच मान्य करून घ्यावी. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या सूचनांनुसार जाहिरात असल्याचं व्हिडिओतच, ऐकूही येईल आणि दिसेलही असं, आणि व्हिडिओच्याच भाषेत सांगायला हवं. खाली वर्णनात टाकलेला एक टॅग पुरत नाही. दर वेळी अडखळायला नको म्हणून ते वाक्य एकदाच आपल्या ढंगात लिहून ठेवावं: “ही जाहिरात आहे, याचे मला पैसे मिळालेत.”

वही दोन पानांपेक्षा मोठी झाली की उघडली जात नाही. ती चालते का हे बघायला एक जुनी आणि एक नवी स्क्रिप्ट घ्यावी, नाव-तारीख झाकून आपले व्हिडिओ नेहमी पाहणाऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी आणि नवी कुठली ते विचारावं. चटकन ओळखता आली तर कशावरून ते विचारून घ्यावं. उत्तर बहुधा एखाद्या शब्दावर किंवा सुरुवातीच्या वाक्यावर येतं. तेवढीच एक जोडी वहीत वाढवावी.

रेकॉर्डिंगआधीची तपासणी याहून लहान आहे. स्क्रिप्ट उभं राहून एकदा वाचावी. जीभ जिथे अडखळते किंवा श्वास पुरत नाही, त्या वाक्यावर खूण करून ते जोड्यांच्या पानाशी ताडून बघावं. वाचताना तोंडातून आपोआप वेगळंच वाक्य निघालं, तर बहुतेक वेळा तेच ठेवावं आणि कागदावरचं खोडावं.

काही महिन्यांनी आपलं बोलणं खरंच बदलतं. प्रेक्षक वाढले, बाहेरगावचे आले, “आपल्याकडे” म्हटलं की कुणाकडे ते सांगावं लागतं. तेव्हा वहीत बदल करावा, पण दोन व्हिडिओंच्या मधल्या सवडीत, आणि बाजूला तारीख घालून. स्क्रिप्ट अर्धी लिहून झाल्यावर नियम बदलायची हुक्की आली, तर त्या आठवड्यात जुनाच नियम पाळावा.