‘नव्वद टक्के झालंय’ असं कळवू नका

जिल्ह्यातल्या एका दूध संघाने पुण्याच्या कंपनीला नवं सॉफ्टवेअर करायला दिलं आहे, असं समजा. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. फॅट आणि एस.एन.एफ. पाहून दर लागतो आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल निघतं. हे सगळं एका जागी आणायचं आहे. कामाचे चाळीस तुकडे पाडले आहेत आणि मुदत दहा आठवड्यांची आहे. सहा आठवडे संपले, काम मागे पडलं, आणि आता संघाच्या व्यवस्थापकांना तसं कळवायचं आहे.

बहुतेक कंपन्यांचा मेल ठरलेला असतो: ‘काम अंतिम टप्प्यात, किरकोळ अडचणी, एक-दोन आठवडे उशीर.’ सोबत हिरव्या रंगाचा तक्ता. या धंद्यात अशा अहवालाला कलिंगड म्हणतात. वरून हिरवा, आतून लाल. लिहिणारा दर वेळी लबाडच असतो असं नाही. घोळ टक्केवारीत असतो. अर्धवट लिहिलेला प्रोग्राम त्याला ऐंशी टक्के झालेला वाटतो, कारण चाचणीत निघणाऱ्या चुका अजून त्याने पाहिलेल्याच नसतात. बेल लॅब्जचे टॉम कार्गिल यांनी हे चेष्टेने मांडलं होतं: पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद.

म्हणून मोजायचे ते फक्त पुरे झालेले तुकडे. चाचणी होऊन संघाच्या माणसाने वापरून पाहिला, तर एक, नाहीतर शून्य. या हिशेबाने सहा आठवड्यांत चोवीसऐवजी पंधराच तुकडे झाले आहेत. कधी आठवड्याला दोन, कधी तीन. उरले पंचवीस. हाच वेग राहिला तर त्यांना अजून नऊ ते तेरा आठवडे लागतील, म्हणजे ‘एक-दोन आठवडे’ हा निव्वळ दिलासा आहे. ‘पुढे वेग वाढवू’ असं लिहायचं असेल, तर तो कशाने वाढणार हेही लिहावं लागतं.

आता कारण. ‘तांत्रिक अडचणी’ या शब्दांतून व्यवस्थापकांना काहीच कळत नाही. खरी अडचण अशी, की सभासदांची जुनी नावं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही नेमके उलटे. रूपांतरात ‘विठ्ठल’ची वेलांटी सरकते, ‘सर्जेराव’चा रफार दुसऱ्याच अक्षरावर बसतो, आणि नाव बँकखात्याशी जुळत नाही. हे इतक्या स्पष्ट लिहिलं की संघाला आपल्या हातातला उपायही दिसतो: केंद्रावरच्या सचिवांकडून याद्या तपासून घेणं.

या मेलला उत्तर ठरलेलं असतं: ‘दोन पोरं वाढवा की!’ ते ऐकायला सोपं वाटतं. आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाचे प्रमुख राहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं. नव्यांना शिकवायला जुनेच लागतात. शिवाय चौघांमध्ये बोलण्याच्या जोड्या सहा असतात, सहा जणांमध्ये त्या पंधरा होतात. हेही मेलमध्ये दोन ओळींत आधीच सांगून टाकावं.

यानंतर येतो मेलचा गाभा, आणि नेमका तोच बहुतेक वेळा गायब असतो: समोरच्याने काय ठरवायचं? आपल्या उदाहरणात तो असा होईल:

‘सप्रेम नमस्कार. ठरलेल्या तारखेला पूर्ण काम होणार नाही. चाळीसपैकी पंधरा भाग पूर्ण आहेत. सध्याच्या वेगाने उरलेल्यांना नऊ ते तेरा आठवडे लागतील. संकलन आणि दहा दिवसांचं बिल यांचे पंधरा भाग आधी घेतले, तर ते पाच ते आठ आठवड्यांत सुरू करता येतील. पशुखाद्याची उधारी आणि वार्षिक अहवाल त्यानंतर. पहिल्या बिलाला जुनी पद्धतही सोबत चालू ठेवावी, म्हणजे रकमा ताडून पाहता येतील. हा क्रम चालेल का, ते शुक्रवारपर्यंत कळवावं. सभासदांच्या याद्या तपासायला प्रत्येक केंद्रावर एक माणूस लागेल.’

एवढं पुरे. माफी एका वाक्यात मागावी. तीन परिच्छेद माफीचे झाले की तारीख शोधावी लागते. मेल जाण्याआधी फोन करावा, कारण व्यवस्थापकांना हीच बातमी संचालक मंडळापुढे सांगायची आहे. आणि तारीख एकदाच बदलावी. दर आठवड्याला एकेक आठवडा पुढे ढकलणाऱ्याच्या तिसऱ्या तारखेवर कुणी विसंबत नाही, ती खरी असली तरी.

तुम्ही काम करून घेणारे असाल, तर पुढच्या अहवालात टक्के दिसताच एवढंच विचारा: गेल्या आठवड्यात काय पुरं झालं, ते आमच्या माणसासमोर चालवून दाखवा.