संगीतच्या स्किटमधलं गाणं चालीत का बसत नाही? मात्रांचं साधं गणित

लग्नाच्या आधी संगीत, त्यात चुलत-मामेभावंडांचं स्किट, आणि स्किटमध्ये हिट गाण्याच्या चालीवर नवरा-नवरीची खेचणारे शब्द. कागदावर वाचताना सगळे हसतात, पण ट्रॅक लागला की शब्द मागे राहतात आणि म्युझिक पुढे जातं. असं का होतं?

कारण आपण शब्द मोजतो, चाल मात्र मात्रा मोजते. नियम सोपा आहे. अ, इ, उ असलेलं ऱ्हस्व अक्षर म्हणजे १ मात्रा. आ, ई, ऊ, ए, ओ असलेलं दीर्घ अक्षर म्हणजे २.

उदाहरण घोटीचं घेऊ. घोटी-इगतपुरी म्हणजे भाताचा पट्टा, गावात राईस मिल. नवरदेवाचा धंदा तांदळाचा आणि नवरी डाएटवर, असं समजा. बऱ्याच नाचाच्या गाण्यांचा ठेका ८ मात्रांचा असतो, म्हणून ओळ १६ मात्रांची धरू.

पहिला प्रयत्न: 'दादा भात विकायला जातो'. मोजा, १७ भरतात. ही एक जास्तीची मात्रा गाताना अडखळवते. 'विकायला'चं 'विकाया' करा, झाल्या १६.

दुसरी ओळ: 'वहिनी म्हणते डाएट आहे'. पुन्हा १७, कारण 'डाएट' एकटाच ५ मात्रा खातो. आता बदलून बघा:

दादा भात विकाया जातो
वहिनी म्हणते, "भात नको हो!"

दोन्ही ओळी १६ च्या, आणि चार-चारच्या गटात टाळीवर बसतात. शेवटी 'ओ' असल्यामुळे सूर लांबवता येतो. तिथे 'ट' किंवा 'ळ' आला असता तर आवाज तुटला असता. शिवाय विनोद ओळीच्या शेवटी आहे. तो मध्ये टाकला तर पुढच्या शब्दांत हशा विरतो.

अर्थात सिनेमाची चाल काही अक्षरं ओढते, काही पळवते. त्यामुळे मोजून झालं की मूळ गाणं लावून त्यावर टाळी देत आपली ओळ म्हणा. जिथे श्वास कमी पडतो, तिथला शब्द बदला. मुखडा आणि दोन कडवी पुरतात.

आता रील टाकणाऱ्यांसाठी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणं सादर करायला सूट आहे. पण ती सूट सादरीकरणाची आहे. तोच व्हिडिओ इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट. मूळ म्युझिक ट्रॅक वापरला असेल, तर रीलचा आवाज म्यूट होऊ शकतो.

आणि हो, 'भात नको हो' हे वहिनींना आधी ऐकवा. त्या हसल्या नाहीत, तर मात्रा बरोबर असूनही ओळ चुकलेलीच आहे.