शब्दाच्या मागे लागणारे शब्द

‘माझ्या मोठ्या भावाच्या घरासमोरच्या झाडावर’ हे पाच शब्द मराठी माणूस एका दमात बोलून जातो. इंग्रजीत नेमके हेच सांगायचे, तर सुरुवात अगदी दुसऱ्या टोकाकडून होते. तिथे आधी ‘ऑन’ येतो, मग झाड, मग ‘इन फ्रंट ऑफ’ आणि त्यानंतर भाऊ आणि त्याचे घर. मराठीत ‘वर’ सर्वांत शेवटी येतो, इंग्रजीत तो सर्वांत आधी. इंग्रजी प्रीपोझिशन नामाच्या पुढे उभे राहते, तर मराठीचे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे जोडली जातात. दोन्ही भाषांतला हा फरक पटकन लक्षात येतो. पण खरी गोम जागेच्या अदलाबदलीत नाही.

ती शोधायची तर याच शब्दांचे एकेक टोक सोडवत जावे. शेवटचा ‘वर’ काढला, की ‘घरासमोरच्या झाडा’ असे उरत नाही; ‘घरासमोरचे झाड’ होते. आता ‘समोरचे झाड’ बाजूला ठेवले, की ‘भावाच्या घरा’चे ‘भावाचे घर’ होते. घर आणि ‘चे’ दोन्ही काढले, तर हाती येतो ‘माझा मोठा भाऊ’. म्हणजे एकट्या ‘वर’ने झाडाचे ‘झाडा’ केले आणि त्याआधीच्या ‘चे’चे ‘च्या’ केले. एकट्या ‘चे’ने भाऊ, मोठा आणि माझा अशा तिघांचे रूप पालटले. इंग्रजीतून ‘ऑन’ काढला, तर ‘द ट्री’ जसेच्या तसे राहते.

प्रत्यय लागण्याआधी नाम घेते त्या बदललेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. शाळेत ‘स, ला, ते’, ‘ने, ए, शी’ असा तक्ता पाठ होतो. सामान्यरूपाकडे मात्र तेवढे लक्ष जात नाही. मराठी शिकणाऱ्या परभाषकाची अडचण तिथेच होते. ‘ला’ त्याला एका दिवसात येतो, पण घोडा–घोड्याला, मासा–माशाला, देऊळ–देवळाला, वीट–विटेला, भिंत–भिंतीला हे शिकायला महिने लागतात. वीट आणि भिंत दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त; तरी एकीला ‘ए’ आणि दुसरीला ‘ई’. काका आणि राजा तर बदलतच नाहीत. परभाषक ‘घोडाला’ म्हणाला, तर त्याचा प्रत्यय बरोबर असतो. चुकलेले असते ते सामान्यरूप.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाची अडचण उलटी असते. त्याला नाम बदलावे लागत नाही, पण प्रीपोझिशन निवडावे लागते. सकाळी, रात्री, सोमवारी, घरी या चारही शब्दांत मराठी एकच सप्तमीचा ‘ई’ वापरते. इंग्रजीत सकाळसाठी ‘इन’, रात्रीसाठी ‘ॲट’, सोमवारसाठी ‘ऑन’ आणि घरासाठी पुन्हा ‘ॲट’. म्हणून तो हटकून ‘इन नाइट’ म्हणतो. मात्र मराठीलाही बारकावे आहेत. ‘तो घरी आहे, पण घरात नाही, गच्चीवर आहे’ हे वाक्य अगदी सरळ आहे. ‘घरी’मध्ये घराचा परिसर येतो, ‘घरात’मध्ये भिंतींच्या आतली जागा. हा ‘ई’ आता ठरावीक शब्दांतच टिकला आहे. माहेरी चालते, टेबली चालत नाही.

प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय यांतही भेद आहे. ‘ला’ एकटा उच्चारला, तर काहीच कळत नाही. ‘समोर’ला स्वतःचा अर्थ आहे. ‘समोर बघ’ म्हटले, की तोच शब्द क्रियाविशेषण होतो आणि सुटा लिहिला जातो. नामाला लागला, की मात्र जोडूनच लिहायचा: घरासमोर. हिंदीत ‘घर के सामने’ सुटे लिहितात. पाट्यांवर ‘घरा समोर’ असे तोडून लिहिलेले दिसते, ते मराठीत चूक आहे. शब्दयोगी अव्ययावर आणखी प्रत्ययही चढतो: समोरून, खालचा, वरून.

सामान्यरूपाची आजची कसोटी गावांच्या नावांत लागते. पुणे–पुण्याला, ठाणे–ठाण्याहून, सातारा–साताऱ्यात, नागपूर–नागपुरात ही घडण. पण ‘ठाणेहून’, ‘पुणेला’ अशी रूपे आता कानावर येतात, आणि ‘नागपूरमध्ये’ तर सर्रास चालते. नाव मूळ रूपात दिसावे, ही त्यामागची ओढ समजण्यासारखी आहे. ‘मोबाईलवर’, ‘बसने’ अशा कित्येक परकीय शब्दांना भाषेने ती मोकळीक दिलीही आहे, जरी ‘टेबल’ ‘टेबलावर’ होऊन पुरता इथला झाला. ‘ठाण्याहून’ आणि ‘नागपुरात’ यांना मात्र कसलीच अडचण नाही; ती सोडण्याचे कारण नाही.

मराठी शिकवणाऱ्यांनी एक बदल जरूर करून पाहावा. नवा शब्द देताना एकटा ‘घोडा’ न देता ‘घोडा, घोड्या–’ अशी जोडीच द्यावी, आणि प्रत्ययांचा तक्ता त्यानंतर.